वर्णपटातल्या लहरी आणि प्रतिध्वनीचा उशीर

आवाजात त्याचाच प्रतिध्वनी मिसळला, तर कानाला दोन्ही वेगळे ऐकू येतीलच असे नाही. बोलण्याच्या बाबतीत प्रतिध्वनी साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत परत आला, तर मेंदू त्याला मूळ आवाजातच जमा करून टाकतो. ध्वनिमुद्रणाचा आलेख कागदावर काढून पाहिला तरी हाती काही लागत नाही. एक शब्द संपायच्या आत त्याची नक्कल सुरू झालेली असते आणि दोन्हींच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या असतात. तरीही त्या गुंत्यात उशिराची खूण शिल्लक राहते. ती काळाच्या आलेखात सापडत नाही, वर्णपटात सापडते. ती वाचण्याच्या पद्धतीला सेप्स्ट्रम म्हणतात.

वर्णपट म्हणजे आवाजात कोणत्या वारंवारतेचा जोर किती आहे याचा आलेख. मूळ आवाज आणि प्रतिध्वनी यांच्यात ठरावीक उशीर असेल, तर काही वारंवारतांना दोघांच्या लाटा एका तालात येतात आणि जोर वाढतो. त्यांच्या मधल्या वारंवारतांना एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि जोर घटतो. त्यामुळे सगळ्या वर्णपटावर समान अंतरांच्या लहरी उमटतात. उशीर T सेकंद असेल, तर दोन शेजारच्या लहरींमधले अंतर 1/T हर्ट्झ असते. उशीर जितका मोठा, तितक्या लहरी दाट.

१९५९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ब्रूस बोगर्ट यांना भूकंपलेखांच्या वर्णपटांत असे पट्टे दिसले आणि ही एकाच लाटेच्या दोन आगमनांची खूण असावी, असे त्यांच्या लक्षात आले. पट्टे मोजायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. मूळ संकेताच्या वर्णपटाला स्वतःचे चढउतार असतात आणि लहरी त्यांच्यावर स्वार झालेल्या असतात. यातून वाट काढली जॉन ट्यूकी यांनी. त्यांनी सुचवलेली युक्ती इतकी साधी आहे, की ती आधी कोणाला सुचली नव्हती याचेच नवल वाटावे. बोगर्ट, हीली आणि ट्यूकी यांचा लेख १९६३ मध्ये आला.

युक्ती समजायला दोन ओळींचे गणित पुरते. मूळ संकेत s(t), प्रतिध्वनीचा जोर मूळच्या a पट आणि उशीर T असा धरला, तर नोंदलेला संकेत आणि त्याचा वर्णपट असे लिहिता येतात:

x(t) = s(t) + a·s(t − T)

|X(f)|² = |S(f)|² · (1 + a² + 2a·cos 2πfT)

दुसऱ्या ओळीत मूळ वर्णपट आणि लहरी यांचा गुणाकार आहे, आणि अडचण तिथेच आहे. मूळ वर्णपट जिथे उंच तिथे लहरी मोठ्या, जिथे खुजा तिथे त्या दिसेनाशा. ट्यूकी यांनी सुचवले, की याचे लॉग घ्यावे. लॉग घेतले की गुणाकाराची बेरीज होते. मग लहरींची उंची मूळ वर्णपटावर अवलंबून राहत नाही. १०० हर्ट्झपाशी आणि ३००० हर्ट्झपाशी त्या सारख्याच उंचीच्या होतात. आता या लॉग-वर्णपटाकडेच एक नवा संकेत म्हणून पाहायचे आणि त्याचे पुन्हा फूरिये रूपांतर करायचे. मूळ वर्णपटाचे संथ चढउतार नव्या आलेखात शून्याजवळ गोळा होतात. नियमित लहरी मात्र एका जागी टोकदार शिखर होऊन उभ्या राहतात. ती जागा म्हणजे T. नव्या आलेखाचा आडवा अक्ष सेकंदांतच मोजला जातो, पण तो घड्याळाचा काळ नसल्यामुळे त्याला क्वेफ्रेन्सी हे वेगळे नाव आहे.

संगणकावर ही सगळी कृती दोन ओळींत होते:

```
X = np.fft.fft(x)
c = np.fft.ifft(np.log(np.abs(X))).real
```

आता एक उदाहरण आकड्यांनिशी. रिकाम्या सभागृहात एक माणूस बोलतो आहे, मायक्रोफोन त्याच्या तोंडाजवळ आहे आणि समोरची भिंत ६.८६ मीटरवर आहे. आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येईतो १३.७२ मीटर चालतो. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर उशीर ४० मिलिसेकंद होतो. समजण्याच्या सोयीसाठी परतलेला आवाज मूळच्या निम्म्या जोराचा, म्हणजे a = 0.5 धरू. मुद्रण सेकंदाला ८००० नमुन्यांनी केले आहे, म्हणजे हा उशीर ३२० नमुन्यांचा झाला. वर्णपटात दर २५ हर्ट्झला एक लहर येईल आणि शून्य ते ४००० हर्ट्झ या पट्ट्यात अशा १६० लहरी बसतील. लहरीच्या माथ्यावर जोर दीडपट, तळाशी निम्मा.

४०९६ नमुन्यांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित मोठा तुकडा घेऊन सेप्स्ट्रम काढला, की ३२० व्या जागी a/2 म्हणजे ०.२५ उंचीचे शिखर अपेक्षित असते. हे मोठे की लहान? ध्वनीच्या नैसर्गिक अनियमितपणामुळे सेप्स्ट्रमभर जी खसखस पसरते, तिची उंची एवढ्या तुकड्यात सुमारे ०.०१ असते. त्यामुळे ०.२५ चे शिखर नजरेतून सुटणे कठीण. एका नमुन्याचा फरक म्हणजे ०.१२५ मिलिसेकंद, तेव्हा भिंतीचे अंतर सुमारे दोन सेंटीमीटरांपर्यंत सांगता येते.

शिखर एकटे येत नाही. ८० मिलिसेकंदांवर सुमारे ०.०६ चा खड्डा दिसतो आणि १२० वर ०.०२ चे लहानसे शिखर. तिथे कोणताही दुसरा प्रतिध्वनी नाही. लॉग घेतल्यामुळे लहरीचे माथे बोथट होतात आणि तळ अणकुचीदार: दीडचे नैसर्गिक लॉग ०.४१, तर अर्ध्याचे उणे ०.६९. अशी तिरपागडी लहर एका कोसाइनने उभी राहत नाही; तिला 2T, 3T चे कोसाइनही लागतात. चिन्हे आलटून-पालटून येतात आणि उंची भराभर उतरते. एका अर्थी ही पाहणाऱ्याची सोयच आहे, कारण अशी उतरती मालिका दिसली की पहिले शिखर खऱ्या प्रतिध्वनीचे असल्याची खात्री वाढते.

खरी फसगत बोलण्याच्या आवाजातूनच होते. पुरुषाच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला १२५ वेळा कंप पावत असतील, तर वर्णपटात दर १२५ हर्ट्झला एक सुळका येतो. हीसुद्धा नियमित रचनाच आहे, त्यामुळे सेप्स्ट्रममध्ये ८ मिलिसेकंदांवर शिखर येते. मायकेल नोल यांनी साठीच्या दशकात याचाच उपयोग करून आवाजाची पट्टी मोजण्याची पद्धत बसवली. इथे मात्र ते अडचणीचे ठरते, कारण ८ ची पटीतली शिखरे १६, २४, ३२ आणि नेमक्या ४० वर येतात. एका तुकड्यावरून ४० चे शिखर गळ्याचे की भिंतीचे हे सांगता येत नाही. पण बोलताना माणूस पट्टी सतत हलवतो, भिंत मात्र जागची हलत नाही. म्हणून बरेच तुकडे घेऊन त्यांच्या सेप्स्ट्रमची सरासरी काढतात. गळ्याची शिखरे इकडेतिकडे विखरून पुसट होतात, ४० चे शिखर टिकते आणि खसखसही दबते. १६ तुकड्यांची सरासरी घेतली तर ती चौथाईवर येते.

तुकड्याच्या लांबीकडे दुर्लक्ष केले, तर सगळी मेहनत फुकट जाते. वरचे गणित तुकड्यात संकेत आणि त्याची नक्कल दोन्ही पूर्ण आहेत असे धरते. प्रत्यक्षात तुकड्याच्या सुरुवातीला आधीच्या शब्दांची नक्कल घुसलेली असते आणि शेवटच्या भागाची नक्कल बाहेर राहते. ४०९६ नमुन्यांत ३२० नमुन्यांची ही गडबड खपून जाते. ५१२ नमुन्यांचा तुकडा घेतला, तर निम्म्याहून अधिक भाग बिघडतो आणि २५ हर्ट्झच्या लहरी धड उमटतच नाहीत. दुसरे दुखणे गोंगाटाचे. लहरींचे खोल तळ गोंगाटाने भरून येतात, आणि मूळ आवाजात जोरच नसलेल्या वारंवारतांना लॉग निव्वळ गोंगाटाचे घेतले जाते. पूर्ण वर्णपटापेक्षा जिथे आवाज भक्कम आहे तेवढाच पट्टा वापरणे अशा वेळी बरे.

सभागृहाला भिंत एकच नसते. दुसरी भिंत २५ मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी ०.४ जोराने देत असेल, तर २५ आणि ४० वर शिखरे येतात, पण ६५ वर सुमारे ०.१ चा एक खड्डाही पडतो. तिथे भिंत नाही. तो दोन्ही उशिरांच्या बेरजेचा भास आहे. अशी बेरीज तपासून पाहिली नाही, तर नसलेली भिंत नकाशावर येते.

भूकंपलेखात चिन्हाची गोष्ट याहून रंजक होते. उगमातून एक लाट थेट दूरच्या केंद्राकडे जाते, दुसरी आधी वर येऊन भूपृष्ठावर आपटते आणि मग तिकडे वळते. दोहोंच्या येण्यातला फरक उगमाची खोली सांगतो. लाटा जवळजवळ उभ्या दिशेने जातात असे धरले, तर सेकंदाला ६ किलोमीटर वेगाच्या खडकात १५ किलोमीटर खोलीवरच्या भूकंपाचा फरक ५ सेकंद येतो. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाच्या खडकात ६०० मीटरवर केलेल्या अणुस्फोटाचा फरक मात्र ०.४ सेकंदच असतो आणि दोन लाटा एकमेकींवर चढतात. भूमिगत अणुचाचणी आणि भूकंप यांत फरक करण्याची निकड त्या काळात होती, आणि बोगर्ट यांचे काम त्याच खटपटीतले. भूपृष्ठावरून परतताना लाट उलटी होते, म्हणजे a ऋण होतो. मग T, 2T, 3T या सगळ्या जागी खड्डेच दिसतात, आलटून-पालटून नाही. मूळ पद्धतीत शेवटी वर्ग घेतला जाई, त्यामुळे ही चिन्हे हरवत. वरच्या दोन ओळींच्या कृतीत ती टिकतात.

एक गोष्ट मात्र हा सेप्स्ट्रम सांगू शकत नाही. नक्कल मूळ आवाजाच्या दुप्पट जोराची असली, तरी शिखर त्याच जागी आणि त्याच उंचीचे येते, जणू ती निम्म्या जोराची होती. कारण लॉग फक्त वर्णपटाच्या मापाचे घेतले जाते, कला टाकून दिली जाते. त्यामुळे उशीर कळतो, पण आधी आलेला आवाज जोरदार होता की नंतरचा, हे कळत नाही. प्रतिध्वनी नुसता मोजायचा नसून काढून टाकायचा असेल, तर कलाही राखून ठेवणारा सेप्स्ट्रम लागतो. तो अॅलन ओपनहाइम यांनी एमआयटीत साठीच्या दशकात मांडला. त्यात प्रतिध्वनीची शिखरे खोडून उलट वाटेने परत आले, की मूळ संकेत बराचसा परत मिळतो.