३१ मेच्या निरोपाला कोणतं पुस्तक?

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. जन्मतारखेची नोंदच नव्हती अशा काळात शाळेत नाव घालताना गुरुजींनी असंख्य मुलांची तारीख १ जून लावली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा नियम. त्यामुळे मे संपता संपता एकेका कार्यालयात दोन-दोन, तीन-तीन खुर्च्या रिकाम्या होतात, आणि त्याआधी आठवडाभर वर्गणीचं पाकीट टेबलांवरून फिरत असतं.

समजा, अशाच एका कार्यालयातल्या आस्थापना शाखेच्या मॅडम निवृत्त होत आहेत. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या त्याच, आणि डबा खाताना प्रवासवर्णनांबद्दल भरभरून बोलणाऱ्याही त्याच. यंदा शाल-श्रीफळासोबत भिंतीवरचं घड्याळ नको, पुस्तकं द्यायची असं ठरलं. मग दुकानात कोणतं पुस्तक मागायचं?

बागेच्या पुस्तकापासून सुरुवात करणं सोपं, कारण तिथे तारीखच मदतीला येते. ३१ मेनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पाऊस येतो आणि बागकामाचं वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होतं. फांद्या लावायच्या, कुंड्या बदलायच्या, वेली चढवायच्या त्या याच दिवसांत. म्हणून पुस्तक आपल्या हवेचं हवं. दुकानातल्या गुळगुळीत कागदाच्या, रंगीत फोटोंनी भरलेल्या बऱ्याच बागपुस्तकांचं वेळापत्रक इंग्लंडचं असतं: मार्च-एप्रिलमध्ये बी पेरा, थंडीत रोपं हिमापासून वाचवा. ते वाचून पुण्या-नाशिकच्या गच्चीवर एप्रिलमध्ये पिटुनिया पेरला, तर रोपं उन्हाने करपतील. आपल्याकडे त्याचं बी पावसाळा सरल्यावर पेरतात. पुस्तक चाळताना पारख करायला दोन गोष्टी पुरतात. पावसाळ्यावर वेगळं प्रकरण आहे का, आणि जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यांनी बसणाऱ्या पिठ्या ढेकणाबद्दल काही लिहिलं आहे का. ज्याच्या घरी जास्वंद आहे, त्याला ही कीड कधी ना कधी भेटतेच. पुस्तकात ती नसेल, तर ते पुस्तक आपल्या बागेसाठी लिहिलेलं नाही.

पण हौशी बागकर्त्याला ‘कसं लावावं’ हे पुष्कळदा ठाऊकच असतं. मॅडमनी वीस वर्षं मोगरा फुलवला असेल, तर कुंडी भरायला शिकवणारं पुस्तक त्यांना देणं शोभत नाही. त्यांच्यासाठी झाडांविषयी प्रेमाने लिहिलेली पुस्तकं शोधावीत. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचं. चैत्रापासून एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख, आणि त्यात झाडं, पानं, आकाश, पाखरं यांचं नेमकं निरीक्षण. हे पुस्तक एका बैठकीत संपवायचं नाही, ज्या महिन्याचं त्या महिन्यात वाचायचं. मेअखेरीस मिळालं तर पंचांग पाहून वैशाख किंवा ज्येष्ठ उघडावा आणि गॅलरीत उभं राहून समोरच्या झाडाशी ताडून पाहावं. नोकरीत असताना असं वाचन जमत नाही. डॉ. शरदिनी डहाणूकरांची ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ ही पुस्तकंही याच वाटेची. लेखिका औषधशास्त्राच्या डॉक्टर, त्यामुळे फुला-झाडांवरच्या त्यांच्या ललित लेखनाला जाणकारीचा भक्कम आधार आहे.

प्रवासवर्णनाच्या बाबतीत अडचण वेगळी. दुकानात पहिला हात पु. लं.च्या ‘अपूर्वाई’कडे जातो, आणि प्रवासवर्णनं वाचणाऱ्याच्या घरी नेमकी तीच असते. मीना प्रभूंचं एखादं पुस्तकही बहुधा असतंच. त्यांनी बरीच लिहिल्यामुळे तिथे राहिलेलं एखादं सापडण्याची आशा असते, पण कोणतं राहिलं ते घरच्यांना फोन करून विचारावं लागतं.

त्यापेक्षा मागे जावं. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे पुस्तक अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं, पण सबंध वाचलेलं नसतं. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण कर्जाने गांजलेला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने तो काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो शहरातच होता. लुटला गेला, उपाशी राहिला, तरी काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन आईवडिलांसाठी घरी परतला. बंडाचा इतिहास बऱ्याच जणांनी लिहिला आहे, पण त्या काळात पायी चाललेल्या साध्या मराठी माणसाची भूक, भीती आणि श्रद्धा इतक्या जवळून दाखवणारं दुसरं पुस्तक सांगता येणार नाही.

इथे मात्र आवृत्ती पाहूनच घ्यावं. गोडसे भटजींनी हे लिहिलं ते चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, आणि वैद्यांनी ते त्यांच्या पश्चात १९०७ मध्ये छापलं. छापताना त्यांनी भाषा नीटनेटकी केली आणि काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. आज बाजारात दोन्ही परंपरांची पुस्तकं मिळतात आणि मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. प्रस्तावना उघडून मूळ हस्तलिखिताचा उल्लेख आहे का, एवढं पाहिलं की उलगडा होतो. सहज वाचायचं असेल तर वैद्यांची प्रत चालेल, पण भटजींचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर मूळ पाठच हवा. मॅडमसारख्या मुरलेल्या वाचकाला मूळ पाठच द्यावा.

आता दोन्ही छंद जिथे एकत्र येतात ते पुस्तक. फ्रँक स्माइद हा इंग्रज गिर्यारोहक १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना खराब हवेमुळे गढवालच्या भ्यूंदार खोऱ्यात उतरला आणि फुलांनी भरलेलं ते खोरं पाहून थक्क झाला. १९३७ मध्ये तो केवळ फुलांसाठी पुन्हा आला, तिथे मुक्काम करून बिया आणि कंद गोळा केले, आणि पुढच्या वर्षी ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. पुस्तक इंग्रजी आहे, त्यामुळे मॅडम इंग्रजी आवडीने वाचतात का, हे आधी कळायला हवं. वाचत असतील तर यासारखी भेट नाही, कारण ते खोरं आजही गाठता येतं. जून ते ऑक्टोबर ते खुलं असतं, घांगरियाच्या मुक्कामावरून पायी जाता येतं, आणि जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलांना भर असतो. मेअखेरीस पुस्तक हाती आलं, तर त्याच पावसाळ्यात निघायला वेळ उरतो.

म्हणजे आस्थापना शाखेची वर्गणी तीन पुस्तकांत लागली: ‘ऋतुचक्र’, ‘माझा प्रवास’चा मूळ पाठ आणि स्माइद. ही तिन्ही एकाच दुकानात मिळतीलच असं नाही, म्हणून मागणी पंधरा दिवस आधी नोंदवावी. सगळ्यांच्या सह्या थेट पुस्तकावर घेण्याचा मोह होतो, पण त्यांपैकी एखादं घरी आधीच असेल तर सह्यांची प्रत बदलून मिळणार नाही. सह्या वेगळ्या कार्डावर घ्याव्यात, कार्ड पहिल्या पानाशी ठेवावं आणि दुकानाची पावती मॅडमच्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी.