जीर्ण वस्त्र आणि सोळा वर्षांचा अभिमन्यू

दिवसकार्याच्या पत्रिकेवर हमखास आढळणारा गीतेचा श्लोक म्हणजे दुसऱ्या अध्यायातला बाविसावा. माणूस जुने कपडे टाकून नवे घेतो, तसा देहात राहणारा जुनी शरीरं टाकून नवी घेतो, असा त्याचा अर्थ. त्याआधी दोनच श्लोक, विसाव्यात, कृष्णाने सांगितलेलं असतं की आत्मा कधी जन्मत नाही, मरत नाही. शरीर मारलं तरी तो मारला जात नाही.

हा विसावा श्लोक युद्धभूमीवर जन्मलेला नाही. त्याचा उत्तरार्ध कठोपनिषदात शब्दशः सापडतो. तिथे तो यम नचिकेताला सांगतो, म्हणजे साक्षात मृत्यूच एका मुलाला मरणाबद्दल सांगत असतो. गीतेत आठ-आठ अक्षरांच्या चरणांनी चाललेला संवाद या दोन्ही श्लोकांत अकरा अक्षरांवर जातो, म्हणून म्हणताना तिथे चाल बदलते. त्यात आत्म्याला ‘पुराण’ म्हटलं आहे. आपल्याला लगेच पुराणातली वांगी आठवतात, पण शंकराचार्य या शब्दाची फोड ‘पूर्वीही नवाच असलेला’ अशी करतात. ज्याला वाढ नाही, त्याला झीजही नाही.

वस्त्राच्या दाखल्यातलं वस्त्र बहुधा शिवलेलं नव्हे, तर कमरेला नेसायचं आणि खांद्यावर घ्यायचं. ज्ञानेश्वरांनीही इथे ‘वेढणे’ हेच क्रियापद वापरलं आहे. असं वस्त्र अंगाला चिकटून राहत नाही, सोडलं की सुटतं. सोडणारा आणि नेसणारा मात्र एकच. दाखल्याचं सगळं बळ तिथे आहे.

अडचण आहे ती ‘जीर्ण’ या शब्दाची. भीष्मांच्या देहाला तो शोभतो. पण याच युद्धात सोळा वर्षांचा अभिमन्यू मरणार आहे. त्याचं वस्त्र कुठे विरलं होतं? रामानुजाचार्य इथे वेगळी वाट काढतात: धर्मयुद्धात देह ठेवणाऱ्याला आधीच्याहून अधिक चांगला देह मिळतो, असं शास्त्र सांगतं, मग जुनं देऊन नवं घेताना होतो तसा इथेही आनंदच व्हायला हवा. मला हे उत्तर हुशारीचं वाटतं, पण पुरेसं वाटत नाही. तरुण मुलगा गेलेल्या घरी हा श्लोक छापण्याआधी थोडं थांबावं.

खुद्द कृष्णही या एकाच युक्तिवादावर विसंबत नाही. सव्विसाव्या श्लोकात तो म्हणतो की आत्मा सतत जन्मतो आणि मरतो असं तू मानत असलास, तरी शोक करू नकोस. पुढे तो क्षत्रियाच्या धर्माकडे वळतो.

हे सगळं अर्जुनाने पहिल्या दिवशी, लढाई सुरू होण्यापूर्वी ऐकलं. तेराव्या दिवशी संध्याकाळी छावणीत परतल्यावर अभिमन्यू गेल्याचं कळलं, तेव्हा तो शोकाने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारण्याची प्रतिज्ञा करून बसला.