पेनड्राइव्ह १२८ जीबीचा, जागा २९ची

लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण ऑनलाइन खरेदीचं बिल वाचायला शिकलो. विक्रेता कोण आणि ॲप कोणाचं, हे त्यातून कसं कळतं तेही पाहिलं. या आठवड्यात त्याच बिलाचा उपयोग करायचा आहे. प्रकरण माझ्या वहिनीचं आहे.

वहिनीचे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या जुन्या कॅसेटवरची कीर्तनं तिने दोन वर्षं खपून लॅपटॉपवर उतरवून घेतली. सगळी मिळून साधारण साठ जीबी भरली. भावंडांना द्यायला म्हणून तिने १२८ जीबीचा पेनड्राइव्ह मागवला. सोमवारी तो आला, मंगळवारी तिने सगळं कॉपी केलं. कुठलीही तक्रार न येता काम पार पडलं. फायलींची नावं दिसत होती, आकारही बरोबर होते. गुरुवारी भावाकडे लावून पाहिलं, तर पहिली तीसेक कीर्तनं नीट वाजली आणि पुढची एकही उघडेना. तिने मला फोन केला तेव्हा रडवेली झाली होती. मूळ फायली लॅपटॉपवरून पुसल्या नव्हत्या, हे नशीब.

हे कसं होतं ते आधी समजून घेऊ, कारण तक्रारीत काय लिहायचं ते त्यावरच ठरतं. पेनड्राइव्हच्या आत दोन मुख्य भाग असतात. एक साठवणीची चिप आणि दुसरा तिच्यावर देखरेख करणारा कंट्रोलर. आपली जागा किती, हे संगणकाला कंट्रोलर सांगतो आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. बनावट मालात चिप ३२ जीबीची बसवतात आणि कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवतात. खरी जागा भरली की पुढचा मजकूर कुठेच लिहिला जात नाही, किंवा फिरून आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. फायलींची यादी मात्र ड्राइव्हच्या सुरुवातीला, खऱ्या जागेत असते. म्हणून नावं आणि आकार शाबूत दिसतात. कॉपी करताना संगणक लिहिलेलं परत वाचून ताडून पाहत नाही, त्यामुळे त्यालाही काही कळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १२८ जीबीच्या चांगल्या पेनड्राइव्हवरही विंडोज ११५ ते ११९ जीबीच दाखवतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, म्हणून हा फरक पडतो. त्यावरून तक्रार केली तर ती टिकणार नाही आणि खरी तक्रारही लोक गंभीरपणे घेणार नाहीत.

खरी चाचणी एकच, सगळी जागा भरायची आणि भरलेलं परत वाचून पाहायचं. विंडोजवर त्यासाठी h2testw नावाचा लहानसा मोफत प्रोग्राम आहे. लिनक्सवर f3write आणि f3read या जोडीने तेच काम होतं. वहिनीने आधी ड्राइव्हवरच्या तिच्या फायली पुसल्या, कारण ही चाचणी रिकाम्या ड्राइव्हवरच घ्यायची असते. मग h2testw मध्ये तो ड्राइव्ह निवडून Write + Verify दाबलं. प्रोग्राम एकेक जीबीच्या फायली लिहीत जातो आणि नंतर त्या वाचून पडताळतो. याला वेळ लागतो. तिच्याकडे सव्वापाच तास लागले. निकालातल्या महत्त्वाच्या ओळी अशा:

```
The media is likely to be defective.
29.1 GByte OK (61030400 sectors)
88.0 GByte DATA LOST (184545280 sectors)
First error at offset: 0x0000000746800000
```

म्हणजे २९.१ जीबी शाबूत आणि ८८ जीबी हरवलेले. शेवटच्या ओळीत पहिली चूक कुठे आली ते आहे. तो आकडा मोजला तर बरोबर २९.१ जीबीवर येतो. माझ्या दृष्टीने खरी साक्ष हीच. पोर्ट सैल असला किंवा हब खराब असला, तर चुका कुठेही विखुरलेल्या येतात आणि दर वेळी आकडा बदलतो. इथे एका रेषेपर्यंत सगळं निर्दोष आणि रेषेपलीकडे काहीच नाही. तरी मी वहिनीला दुसऱ्या संगणकावर, हब न लावता, चाचणी पुन्हा घ्यायला सांगितली. आकडा तोच आला. विक्रेता हमखास म्हणतो, ‘तुमच्या संगणकाचा दोष असेल.’ या दुसऱ्या चाचणीमुळे त्याला तसं म्हणायला जागा उरली नाही.

दोन्ही निकालांचे स्क्रीनशॉट तिने घेतले. प्रोग्रामची खिडकी आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ दोन्ही दिसतील, असे. पेनड्राइव्हवर छापलेल्या ‘१२८ जीबी’चा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढला. विक्रीच्या पानाचाही स्क्रीनशॉट लगेच घेतला, कारण ते पान नंतर बदलू शकतं.

आता अर्ज. ॲपमध्ये परतीचं कारण निवडावं लागतं, आणि बहुतेक जण इथे ‘सदोष वस्तू’ निवडून मोकळे होतात. मग बदली पेनड्राइव्ह येतो, तोही त्याच साठ्यातला. माझं मत स्पष्ट आहे: हा बिघाड नाही, सांगितलेली वस्तूच दिलेली नाही. म्हणून ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण निवडावं आणि पैसे परत मागावेत. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

वहिनीने लिहिलेला मजकूर असा होता:

‘सोमवारी मिळालेल्या पेनड्राइव्हच्या पानावर, खोक्यावर आणि वस्तूवर १२८ जीबी लिहिलं आहे. दोन वेगवेगळ्या संगणकांवर h2testw ने पूर्ण चाचणी घेतली. दोन्ही वेळा २९.१ जीबी चालू आणि ८८ जीबी निकामी असा निकाल आला. सोबत दोन्ही निकाल, वस्तूचा फोटो, विक्रीचं पान आणि बिल जोडलं आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे मला बदली नको, पूर्ण रक्कम परत हवी.’

कीर्तनांचा उल्लेख मीच तिला काढायला सांगितला. तिला ते जड गेलं. पण समोरच्या माणसाला निर्णयासाठी ऑर्डर, आकडा, पुरावा आणि मागणी एवढंच लागतं. ते पहिल्या दोन ओळींत सापडलं नाही, तर तो साच्यातलं उत्तर पाठवून देतो.

तरीही पहिलं उत्तर साच्यातलंच आलं: ‘ड्राइव्ह फॉरमॅट करून पाहा.’ फॉरमॅट केल्याने यादी नवी होते, चिप मोठी होत नाही. वहिनीने एवढंच एका ओळीत कळवलं आणि तक्रार त्या ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे नेली. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर देणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तेवढ्यानेही भागलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिच्यावर ती वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी परतीला मंजुरी मिळाली.

नेणारा मुलगा दारात आला, तेव्हा वहिनीने पेनड्राइव्ह खोक्यात घालतानाचा फोटो काढला आणि वस्तू नेल्याची नोंद ॲपवर दिसेपर्यंत त्याला थांबवलं. पाकीट रिकामं मिळालं असा दावा नंतर झाला, तर हाच फोटो कामी येतो.

सहाव्या दिवशी पैसे खात्यात आले. मग तिने गावातल्या दुकानातून नवा पेनड्राइव्ह घेतला आणि एकही फाइल टाकण्याआधी रात्रभर चाचणी लावून ठेवली. सकाळी सहा वाजता तिने मला निकालाचा फोटो पाठवला. त्यात हरवलेल्या जागेची ओळच नव्हती. त्यानंतरच कीर्तनं कॉपी झाली.