शंभर शब्दांचा निरोप

चाकणच्या एका कारखान्यातल्या डिस्पॅच विभागात काम करणारी एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. कामगार आणि कर्मचाऱ्यांना बोलण्याचं इंग्रजी शिकवणं हे माझं काम. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारे काका बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होणार होते. हॉटेलात जेवण ठरलं होतं आणि तिथे तिला इंग्रजीतून 'टोस्ट' द्यायचा होता. इंग्रजीच का, तर वरचे साहेब चेन्नईचे आणि निम्मी नवी मुलं ओडिशा-बिहारची. अर्थात काकांना सगळेच 'काका' म्हणत, चेन्नईचे साहेबसुद्धा.

तिने दीड पानाचं भाषण लिहून आणलं होतं. सुरुवात 'इट इज विथ अ हेवी हार्ट' अशी. पुढे 'टेन्युअर', 'सुपरॲन्युएशन', 'बिड अड्यू'. एकेक शब्द तिने कोशात बघून घातला होता, पण वाचताना ती दर ओळीला अडखळत होती.

भाषणापेक्षा टोस्ट वेगळा असतो, हे आधी सांगायला हवं. जुन्या इंग्लंडात मद्याच्या पेल्यात भाजलेल्या पावाचा तुकडा टाकत, चव यावी म्हणून. शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' नाटकातला फॉल्स्टाफ मद्य मागवताना त्यात टोस्ट घालून आणायला सांगतो. पुढे कुणाचं तरी नाव घेऊन पेला उचलायची रीत पडली, आणि त्या नावानेच पेयाला चव येते अशा कल्पनेने 'टोस्ट' हा शब्द पावावरून माणसावर आला. म्हणून टोस्टमध्ये शेवटचा शब्द त्या माणसाचं नाव असतो आणि बाकी सगळं त्या नावापर्यंत पोचण्यासाठी असतं. पेल्यात काय आहे याला महत्त्व नाही. आमच्या हॉटेलात मोसंबीचा रस होता.

लोक हातात पेला धरून ऐकत असतात, म्हणून मिनिटभर पुरे. आपल्याकडचा माणूस सावकाश, स्पष्ट इंग्रजी बोलला तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. तेव्हा मर्यादा शंभर शब्दांची. तिच्या कागदावर चारशेहून जास्त होते.

पण लांबीपेक्षा मला काळजी होती ती काळाची. तिने लिहिलं होतं, 'काका वॉज अ व्हेरी हेल्पफुल पर्सन. ही वॉज लाइक अ फादर टू अस.' व्याकरणात चूक काहीच नाही, पण ऐकणाऱ्याला वाटेल की शोकसभा चालू आहे. काका समोर बसून जेवणार आहेत. त्यांचा स्वभाव उद्याही तोच राहणार, म्हणून स्वभावाबद्दल बोलताना 'इज'. घडून गेलेल्या प्रसंगाला 'वॉज' किंवा 'डिड'. आणि जे आजपर्यंत चालत आलं, त्याला 'हॅज' किंवा 'हॅव'. हा तिसरा प्रकार आपल्याला जड जातो. 'मी काकांच्या शेजारी नऊ वर्षांपासून काम करते' हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून तोंडातून 'आय ॲम वर्किंग सिन्स नाइन इयर्स' निघतं. इंग्रजीत 'आय हॅव वर्क्ड फॉर नाइन इयर्स' हवं. 'सिन्स'नंतर सुरुवातीचा क्षण येतो, म्हणजे 'सिन्स 2015'. वर्षांची मोजणी आली की 'फॉर'.

दुसरी गोष्ट शब्दांची. मराठीत 'घर' आणि 'निवासस्थान' दोन्ही आहेत, पण आईला फोन करताना आपण 'निवासस्थानी पोचलो' म्हणत नाही. इंग्रजीचंही तसंच आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि कायद्यात फ्रेंच शब्द आले, आणि शेतात, स्वयंपाकघरात जुने इंग्रजी शब्द टिकून राहिले. 'हेल्प', 'काइंड', 'लीव्ह', 'होम' हे त्या घरातले. 'असिस्ट', 'बेनेव्हलंट', 'डिपार्ट', 'रेसिडेन्स' हे कचेरीतले. निरोपाची ऊब पहिल्या गटात असते, आणि ते शब्द आखूड असल्याने जीभही अडत नाही. 'टेन्युअर' काढून 'इयर्स' लिहिल्यावर तिचा आवाज खरोखर मोकळा झाला.

मग मी कागद बाजूला ठेवून मराठीत विचारलं, "काकांनी तुझ्यासाठी काय केलं, एकच सांग." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग ट्रकची गोष्ट सांगितली. दीड पानात ती कुठेच नव्हती, तिथे फक्त 'हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल' अशी विशेषणं होती. असली विशेषणं कुठल्याही निवृत्त माणसाला लावता येतात. ट्रक मात्र काकांचाच होता.

शेवटी उभा राहिलेला टोस्ट असा:

'गुड इव्हनिंग, एव्हरीवन. आय हॅव वर्क्ड नेक्स्ट टू काका फॉर नाइन इयर्स. इन माय फर्स्ट मंथ, आय सेंट अ ट्रक टू नाशिक. इट वॉज मेंट फॉर नागपूर. काका डिड नॉट शाउट. ही पुल्ड अप अ चेअर, ऑर्डर्ड टी, अँड सॅट विथ मी टिल द ट्रक टर्न्ड बॅक. इट वॉज हाफ पास्ट नाइन ॲट नाइट. नाऊ, व्हेन समवन न्यू मेक्स अ मिस्टेक, आय पुल अप अ चेअर. आय लर्न्ट दॅट फ्रॉम हिम. काका, वुई विल मिस यू ॲट द कॉर्नर टेबल. वुई होप युअर मॉर्निंग्ज आर स्लो अँड युअर टी इज हॉट. प्लीज रेज युअर ग्लासेस. टू काका!'

शब्द शंभराच्या आत. काका दयाळू आहेत असं यात कुठेही म्हटलेलं नाही. खुर्ची ओढून बसणारा माणूस डोळ्यांपुढे आला की 'काइंड' म्हणायची गरज उरत नाही. 'वुई विल रिमेंबर यू' हे वाक्य मी मुद्दाम काढायला लावलं, त्याला कायमच्या ताटातुटीचा सूर आहे. 'मिस यू ॲट द कॉर्नर टेबल' म्हटलं की एक ठरावीक रिकामी जागा दिसते, आणि तेवढंच दुःख त्या संध्याकाळी पुरेसं असतं. चूक तिची स्वतःची आहे, हेही महत्त्वाचं. निरोपाच्या दिवशी काकांच्या उशिरा येण्यावर किंवा तब्येतीवर कुणी विनोद केला, तर सगळे हसतात आणि काकांचं तोंड उतरतं.

उरली ती उभं राहायची पद्धत. आधी सगळ्यांच्या हातात भरलेले पेले आहेत ना, हे बघून घ्यायचं. कागदाऐवजी हातात पत्त्याएवढं कार्ड आणि त्यावर फक्त 'ट्रक, चेअर, कॉर्नर टेबल, टी'. पहिल्या वाक्याला काकांकडे बघायचं, गोष्ट सांगताना लोकांकडे, आणि 'काका, वुई विल मिस यू'पाशी पुन्हा काकांकडे. 'रेज युअर ग्लासेस'नंतर मनात तीन आकडे मोजायचे, लोकांना उठायला तेवढा वेळ लागतो. मग नाव मोठ्याने, म्हणजे सगळे ते परत म्हणतात. त्यानंतर एक शब्दही बोलायचा नाही. इथे हमखास चूक होते. पेले वर गेल्यावर कुणाला तरी आभार आठवतात आणि हात अवघडून जातात. ज्याच्यासाठी टोस्ट असतो त्याने त्या वेळी बसून राहायचं, आपला पेला उचलायचा नाही, अशीही जुनी रीत आहे. नाहीतर तो स्वतःच्याच नावाने पितो असं होतं. हे काकांच्या कानावर आधी घाल, असं मी तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. 'हाफ पास्ट नाइन'चं वाक्य ती विसरली होती आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांनी एका आवाजात "टू काका" म्हटलं. काका पेला न उचलता बसून होते. आवाज ओसरल्यावर ते तिच्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "तू अजून तेच धरून बसलीस होय गं? दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला की तो नागपूरला!"