पिशवीत आधी गोळ्यांचा कागद

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ॲडमिट करायचं ठरलं की आधी कपडे, चादरी आणि थर्मास भरला जातो. वॉर्डात मात्र पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ म्हणून पिशवी भरायला घ्यावी ती एका कागदापासून.

समजा, 78 वर्षांच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. त्यांना मधुमेह आहे आणि काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला आहे. कागदावर प्रत्येक गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, कधी घेतात आणि शेवटची कधी घेतली, हे लिहावं. ॲलर्जी असेल तर ती सगळ्यात वर. डोळ्यांचे थेंब आणि आयुर्वेदिक औषधंही त्यातच येतात. यात सर्वांत नाजूक गोळी क्लोपिडोग्रेलसारखी, रक्त पातळ ठेवणारी. ती सांगायची राहिली तर ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढतो आणि आपल्या मनाने थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरतानाच ती थांबवायची का, हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना विचारून घ्यावं.

गोळ्या सुट्या डबीत नेऊ नयेत, पाकिटासकट न्याव्यात आणि गेल्या गेल्या सिस्टरच्या हवाली कराव्यात. दवाखान्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळतं. वडिलांनी उशाखालची साखरेची गोळी घेतली आणि सिस्टरनेही दिली, तर डोस दुप्पट होतो. अचानक घाम फुटला, हात थरथरले किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर लगेच साखर तपासायला सांगावं.

फाइलमध्ये वर स्टेंटच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, मग ईसीजी आणि टूडी एको, त्याखाली अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट लावावेत. जुना ईसीजी शेजारी असला की आज दिसणारा बदल नवा की आधीपासूनचा, हे डॉक्टरांना ताडून पाहता येतं. आधार आणि विम्याचं कार्ड वेगळ्या कप्प्यात ठेवावं.

राहिल्या रोजच्या वस्तू. चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याच्या जादा बॅटऱ्या आधी घ्याव्यात. अनोळखी खोलीत नीट दिसत-ऐकू येत नसेल तर म्हातारी माणसं रात्री गोंधळतात, सलाइन उपसायला जातात. समोर दिसेल असं घड्याळ त्यांना दिवस-रात्रीचं भान देतं. कवळीला नाव लिहिलेली झाकणाची डबी हवी; कागदात गुंडाळलेली कवळी जेवणाच्या ताटाबरोबर कचऱ्यात जाते. चपला मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या घ्याव्यात. दागिने घरीच ठेवावेत.

गोळ्यांच्या कागदावर तारीख घालून त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा आणि गोळी बदलली की कागदही बदला. ॲडमिट करायची वेळ नेहमी सांगून येत नाही.