स्टुटगार्टहून: आजारपणाची वर्दी कुणाला आणि किती वाजता?

महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात 2024 साली कुशल कामगारांचा करार झाला, तेव्हापासून यवतमाळकडची मुलंमुली इथल्या नोकऱ्यांची चौकशी करतात. पगार, भाषा, घरभाडं हे सगळे विचारतात. पण अचानक ताप भरला तर कामावर कसं कळवायचं, हे कुणी विचारत नाही. मला ते आधी सांगावंसं वाटतं.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तब्येत बरी नाही, आज येत नाही’ एवढं टाकलं की भागतं. इथला कायदा म्हणतो, आजारपण आणि ते अंदाजे किती दिवस चालेल हे विनाविलंब कळवा. माध्यम कोणतं, हे कायदा सांगत नाही. ते करारपत्रात किंवा त्या संस्थेच्या नियमांत असतं. रुजू होताच ते वाचून घ्यावं.

समजा, रुग्णालयातल्या परिचारिकेची सकाळपाळी सहाची आहे आणि रात्री तीनला तिला ताप चढला. ईमेल केली तर कार्यालय आठला उघडल्यावर ती वाचली जाणार, तोवर वॉर्डात एक माणूस कमीच. प्रमुखाला चॅट केलं आणि त्यांची त्या दिवशी सुट्टी असली, तर निरोप पडून राहतो. म्हणून तिने तेव्हाच वॉर्डात फोन करावा. रातपाळीचं माणूस जागं असतं आणि बदली शोधायला तीन तास मिळतात. फोन कुणी घेतला, ते टिपून ठेवावं आणि मग दोन ओळींची ईमेल करावी: आजपासून येऊ शकत नाही, अंदाजे अमुक दिवसापर्यंत, डॉक्टरांकडे जाते आहे. पुढे वाद झालाच तर ही ईमेल पुरावा होते. आजाराचं नाव सहसा सांगावं लागत नाही, मालकाला ते विचारण्याचा हक्कही नाही. मग ग्रुपवर कशाला लिहायचं?

नवखे गोंधळतात ते दाखल्यापाशी. 2023 पासून सरकारी विमा असलेल्यांचा दाखला डॉक्टर थेट विमा संस्थेकडे पाठवतात आणि मालक तो तिथून मागवून घेतो. त्यामुळे कळवायची गरजच उरली नाही, असं काहींना वाटतं. तसं नाही. मालकाला तुम्ही आजारी आहात हे ठाऊक नसेल, तर तो मागवणार काय? वर्दी तुम्हीच द्यायची.

आजार तीन दिवसांहून लांबला की दाखला लागतो आणि त्या तीन दिवसांत शनिवार-रविवारही धरतात. शुक्रवारी पडलात आणि सोमवारीही उठवत नसेल, तर सोमवारीच डॉक्टर गाठा. मालक दाखला पहिल्या दिवसापासूनही मागू शकतो. आणि दाखल्याची मुदत संपूनही बरं वाटत नसेल, तर पुढच्या पाळीआधी पुन्हा फोन करायचा. तो राहून गेला तर लेखी ताकीद हातात पडू शकते.