दुसऱ्या लग्नाची मुलं आणि सातबारा

धर्माबाद तालुक्यातला एक शेतकरी घ्या. पहिली बायको हयात, घटस्फोट नाही, तरी मांडव घालून दुसरं लग्न केलं. हिंदू विवाह कायद्याने ते लग्न मुळातच रद्दबातल आहे. कोर्टाचा हुकूम नसला तरीही. फसवून, धाकाने लावलेलं लग्न वेगळं: ते रद्द करून घेईपर्यंत वैध असतं, आणि फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कळल्यावरही राजीखुशीने नांदल्यास तो हक्क जातो.

मुलांचं काय? कलम १६ नुसार दोन्ही प्रकारांतली मुलं औरसच. मात्र हक्क आईबापाच्या मालमत्तेपुरता. काका-आजोबांच्या वाट्यावर नाही. वडिलोपार्जित जमिनीचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्धप्पा खटल्यात सोडवला.

समजा, वडिलोपार्जित ९ एकर. बाप मृत्युपत्र न करता वारला. मागे पहिली बायको, तिचा मुलगा आणि दुसरीची मुलगी. मृत्यूआधी वाटणी झाली असं धरायचं: बाप, बायको, मुलगा, प्रत्येकी ३ एकर. आता बापाच्या ३ एकरांत तिघे वारस, म्हणजे दुसरीच्या मुलीला १ एकर. पहिली बायको आणि मुलगा यांचे ४-४.

दुसरीला स्वतःला वारसा नाही. यमुनाबाई आढाव खटल्यात १९८८ साली अशा बाईची कलम १२५ खालची पोटगीही नाकारली गेली. मला हे फार कठोर वाटतं. पण मुलीचं नाव फेरफारात गाळलं, तर तहसीलच्या हेलपाट्यांत न अडकता दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावावा.